नवरदेवाची थट्टा करायची आहे, पण विहीणबाई दुखावायला नकोत: कडवं तपासून द्या

धाकटी_करवली

ताईचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन झालं की जेवणाआधी अर्धा तास दोन्ही घरची मंडळी एकत्र बसणार आहेत, साधारण 80 माणसं. तिथे मुलीकडून नवरदेवाची थट्टा करणारं काहीतरी म्हणायचं काम माझ्याकडे आलं आहे. मी हे लिहिलं आहे:

नवरदेव आमचे भारी झोपाळू,
आईने लाडावून ठेवलाय बाळू,
आता आमची ताई शिस्त लावेल,
नाहीतर बाहेर झोपायला लावेल!

घरी सगळे हसले. पण बाबा म्हणाले, तिकडचे हसतील का बघ. काय बदलू?

उनाड_पाऊस

मस्त आहे की! त्यात ताईंसाठी हे पण घ्या:

वेळेवर येईन म्हणून दिला शब्द पक्का,
___रावांचं नाव घेते, घड्याळाला बसला धक्का!

धाकटी_करवली

हा उखाणा झाला, तो ताई घेईल. मला नवरदेवाबद्दल म्हणायचं आहे, नाव घ्यायचं नाही. पण ताईला पाठवते.

गणमात्रे

बाबांचं बरोबर आहे. ओळीगणिक बघा, टोला कोणाला लागतोय. पहिली ओळ नवरदेवाला, ठीक. दुसरी ओळ थेट विहीणबाईंना: तुम्ही मुलाला वळण लावलं नाहीत. तिसऱ्या ओळीत त्याचंच पुढचं टोक, तुम्हाला जे जमलं नाही ते आमची मुलगी करून दाखवेल. चौथीत तुमची ताई सासरी पाऊल टाकण्याआधीच नवऱ्याला घराबाहेर काढून मोकळी झाली. चार ओळींत एक टोला नवरदेवाला, दोन त्यांच्या आईला आणि एक स्वतःच्या बहिणीला. घरी सगळे हसले कारण घरी विहीणबाई नव्हत्या.

'आता आमची मुलगी याला सरळ करेल' हा विनोद लग्नात फार चालतो. बोलणाऱ्याला वाटतं आपण मुलाला चिडवतोय, ऐकणाऱ्या घराला मात्र आपल्या संस्कारांचा निकाल ऐकू येतो. तो काढूनच टाका.

दुसरं, 'लावेल' आणि 'लावेल' हे यमक नाही, तोच शब्द पुन्हा आला आहे. आणि झोपाळू ही कोणाचीही थट्टा झाली. या नवरदेवाची अशी कोणती सवय आहे जिच्यावर तो स्वतः हसतो आणि त्याचे मित्र त्याच्या तोंडावर चिडवतात? ती विचारून आणा. दिसणं, केस, उंची, वजन, पगार, नोकरी आणि आधीची स्थळं यांतलं काही नको. माणसाला संध्याकाळपर्यंत बदलता येत नाही त्यावर माईकवरून हसायचं नसतं. आणि त्याची एक खरी चांगली गोष्टही आणा. तीही नेमकी हवी, 'स्वभावाने गोड' वगैरे नको.

धाकटी_करवली

त्यांच्या बहिणीला विचारलं. सवय: कायम उशीर. 'निघालो, निघालो' सांगतात तेव्हा घरीच किल्ल्या शोधत असतात. ताईने फोन केला की 'पुलाजवळ आहे' म्हणतात. सगळे मित्र याच्यावरून चिडवतात, ते स्वतःही.

चांगली गोष्ट: शेजारच्या आजोबांना रात्री दोन वाजता हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले होते, एका हाकेवर.

गणमात्रे

सोनं मिळालं. एकाच माणसात 'कधीच निघत नाही' आणि 'हाकेसरशी निघतो' हे दोन्ही आहे, म्हणजे थट्टा आणि कौतुक एकाच धाग्याचं होईल. ते आजोबा किंवा त्यांच्या घरचे त्या संध्याकाळी समोर बसलेले असू शकतात, म्हणून हॉस्पिटलचा उल्लेख नको. 'रात्री हाक आली' एवढं पुरे, ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल.

छंदीफंदी

यावर मंगलाष्टकाच्या चालीत लिहा! शार्दूलविक्रीडित. सगळ्यांना चाल पाठ असते, शेवटी 'कुर्यात् सदा मंगलम्' आलं की हशाच हशा.

माईक_टेस्टिंग

कार्यक्रमांचं निवेदन करतो म्हणून सांगतो, हा मोह टाळा. 'कुर्यात् सदा मंगलम्' कानावर पडलं की माणसांचे हात आपोआप चालतात. आदल्या दिवशी अक्षता नसतील, तर टाळ्या पडतील आणि तुमचं पुढचं कडवं बुडेल. लग्नाच्या दिवशी म्हणालात तर अक्षता खरंच उडतील. शिवाय काही घरांत मंगलाष्टक म्हणजे देवाधर्माचं. त्याच चालीत नवरदेवाच्या किल्ल्या शोधणं कोणाला आवडेल, कोणाला नाही, आणि नाही आवडणारे नेमके पहिल्या रांगेत असतात.

गणमात्रे

आणि ते वृत्त सोपंही नाही. ओळीला 19 अक्षरं, बाराव्या अक्षरावर थांबा, प्रत्येक अक्षराचा लघुगुरू ठरलेला. तीन रात्री जागून लिहिलं तरी ओळी लांब होतात, आणि लांब ओळीत विनोद दमतो. ऐकणाऱ्याला एकोणिसाव्या अक्षरापर्यंत वाट बघायला लावून हसवणं अवघड.

त्यापेक्षा भुजंगप्रयात घ्या. ओळीला 12 अक्षरं, लगागा लगागा लगागा लगागा, ल म्हणजे लघु आणि गा म्हणजे गुरू. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत, त्यामुळे ठेका कानात बसलेला असतो, पण कडव्याच्या शेवटी मंगलाष्टकासारखी ठरलेली ओळ येत नाही, म्हणून लोक मध्येच टाळ्या वाजवत नाहीत. फक्त श्लोकांमधला एकही शब्द उचलू नका, नाहीतर विडंबन होईल.

छंदीफंदी

12 अक्षरं ना, मग हे घ्या पहिली ओळ तयार:

हा रोज म्हणतो निघालो निघालो

मोजून बारा आहेत.

गणमात्रे

बारा आहेत, पण मोठ्याने म्हणून बघा. 'निघालो निघालो' धावतं, कारण ते लगागा लगागा आहे. त्याआधीचं 'हा रोज म्हणतो' मात्र गा गा ल, ल ल गा पडतं. सुरुवातच गुरूवर झाली, तिथेच पाय अडखळला. नुसती संख्या जमली तर ओळ कागदावर बरोबर आणि तोंडात चूक. तुमच्या ओळीतला चांगला भाग पुढे आणला की झालं:

निघालो निघालो असे बोलतो हा
घराच्याच किल्ल्या घरी शोधतो हा
तिचा फोन येता म्हणे हा, 'पुलाशी!'
पुलाचा न पत्ता, नि किल्ली उशाशी

पहिल्या दोन ओळींचं यमक सैल आहे, बोल आणि शोध. 'तो हा' जुळतं म्हणून खपून जातं. तिसऱ्या-चौथ्या ओळींत पुलाशी-उशाशी पक्कं आहे, आणि हशा तिथेच हवा आहे. चार ओळींत एकच घट्ट यमक ठेवायचं असेल तर ते शेवटच्या जोडीत ठेवावं.

धाकटी_करवली

अहो, हे फारच भारी! किल्ली उशाशी 😄 ताई पडली हसून. आता कौतुकाचं कडवं?

गणमात्रे

परी हाक येता कुणाचीहि रात्री
निघे त्या क्षणी हा, अशी एक खात्री
घरी पाहिले जे, तसे वागतो हा
न काही कुणाला कधी मागतो हा

तिसरी ओळ म्हणजे तुमच्या 'आईने लाडावून ठेवलाय'चा उलटा फेरा. आईवडिलांचं नाव न घेता श्रेय त्यांच्या घराला जातं. ती ओळ त्यांच्याकडे वळून म्हणा.

कोकणची_आत्या

तिसरी ओळ छान. चौथी बदला. लग्नघरात 'न काही कुणाला कधी मागतो हा' म्हटलं की अर्ध्या बायकांच्या मनात देण्याघेण्याचा विषय येतो. वरपक्षाला वाटेल आपल्याला टोमणा मारला, वधूपक्षातली एखादी काकू वर 'हो हो, काही मागितलं नाही हो' असं मोठ्याने म्हणेल, आणि मग सगळी गप्प. लिहिणाऱ्याच्या मनात काही नसतं. पण त्या मांडवात मागणे, देणे, घेणे, ठेवणे, खर्च, मान हे शब्द साधे राहत नाहीत.

गणमात्रे

आत्या, हे माझ्या कानाला लागलंच नव्हतं. पटलं. मग:

कुणाच्या नडीला उभा राहतो हा

वागतो-राहतो हे पुन्हा सैल यमक होतं, पण चालेल. आधीची ओळ यमकात घट्ट होती आणि अर्थाने धोक्याची. अशा वेळी यमक सोडावं.

रविवारचा_डबा

माझा प्रश्न जरा वेगळा. आम्ही मुलाकडचे आहोत, माझ्या भावाचं लग्न. मुलीकडचे असं काहीतरी म्हणणार असल्याचं कळलं आहे. आम्ही नवरीची थट्टा करणारं उत्तर द्यावं का?

कोकणची_आत्या

नवरीची नको. ती दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी येणार आहे, तिथे एकटी असणार. तिच्याच नव्या घरच्यांनी 80 माणसांसमोर हसावं हे तिला गोड वाटेल याची खात्री काय? उत्तर द्यायचंच असेल तर स्वतःच्या मुलाची चूक कबूल करून द्या.

गणमात्रे

आत्यांनी सांगितलं तसं, दोन ओळी पुरतात. इथल्या कडव्याला जोडून म्हणायचं झालं तर:

घड्याळे अम्ही आणतो दोन हाती
करा माफ थोडे, जुळू द्यात नाती

उत्तर नेहमी प्रश्नापेक्षा लहान ठेवा. दोन्हीकडून तीन-तीन कडवी झाली की सामना होतो आणि कोणीतरी हरतं. करवली, तुम्हीही वराच्या बहिणीला आधी कल्पना द्या. तिला दोन ओळींची जागा मिळाली की तिकडच्यांना आपण नुसतं ऐकून घेतलं असं वाटत नाही.

छंदीफंदी

थांबा, 'अम्ही'मध्ये चूक आहे. जोडाक्षराच्या मागचं अक्षर गुरू होतं. 'म्ही' जोडाक्षर, म्हणजे 'अ' गुरू. वृत्त मोडलं. शिवाय शब्द 'आम्ही' आहे.

गणमात्रे

नियम अर्धा बरोबर आहे. मागचं अक्षर गुरू होतं ते त्याच्यावर आघात पडत असेल तर. 'पत्ता' म्हणा, जीभ 'प'वर दाबते, म्हणून तो गुरू. 'किल्ली'तली 'कि' तशीच. आता 'तुम्ही' म्हणा, 'दुसऱ्या' म्हणा. 'तु' किंवा 'स' दाबले जातात का? नाही, म्हणून लघुच. 'घड्याळ'मधल्या 'घ'चंही तेच. तक्ता बघण्यापेक्षा मोठ्याने बोलून बघावं. 'आम्ही'चं 'अम्ही' करणं ही पद्यातली जुनी सवलत आहे, शुद्धलेखन म्हणून विचाराल तर चूकच. वापरली की एवढ्याचसाठी वापरावी.

छंदीफंदी

बरं. 'घड्याळ'बद्दल मात्र मला अजून शंका आहे, काही जण 'घड्‌ड्याळ' असं म्हणतात.

गणमात्रे

तसं म्हणणाऱ्याच्या तोंडात ओळ अडखळेल, खरं आहे. करवलीने स्वतः म्हणून बघावं.

धाकटी_करवली

म्हणून बघितलं, माझं नाही अडखळत. शेवट काय करू? आणि आशीर्वाद वगैरे?

गणमात्रे

शेवटच्या कडव्यात आपल्या बाजूला टोला घ्या. आतापर्यंत फक्त त्यांचा मुलगा टिंगलीत आहे. तुमच्याकडे वेळेवर कोण येतं?

धाकटी_करवली

कोणीच नाही 😀 साखरपुड्याला आमचीच बस दीड तास उशिरा.

गणमात्रे

मग झालंच की:

अम्हीही कुठे वेळ पाळून आलो
तरी आज सारे इथे एक झालो
नका मानु याला वराचीच खिल्ली
अम्ही फक्त देतो घड्याळास किल्ली

उशाशी सापडलेली किल्ली घड्याळाला लागली. साखरपुड्याला जे होते त्यांना पहिली ओळ बरोबर कळेल, आणि त्यांच्याकडचे तुमच्यापेक्षा जास्त हसतील. आशीर्वाद पद्यात घालू नका. कागद खाली करून साध्या वाक्यात म्हणा. हसवणाऱ्या चालीत आशीर्वाद दिला की तोही विनोद वाटतो.

कोकणची_आत्या

शेवटची ओळ पुन्हा तिकडेच जाते हं. 'अम्ही फक्त देतो घड्याळास किल्ली' म्हणजे त्यांचं घड्याळ बिघडलेलं आणि दुरुस्त करणारे आम्ही. पहिल्या मसुद्यात ताई शिस्त लावणार होती, आता तुम्ही सगळे मिळून लावणार.

गणमात्रे

आत्या, तुम्हाला मसुदे दाखवल्याशिवाय कोणी लग्न करू नये. असं करू:

तुम्ही आम्हि देऊ घड्याळास किल्ली

'आम्हि' ऱ्हस्व करावं लागलं. पण किल्ली दोन्ही हातांनी फिरते, आणि बिघडलेलं घड्याळ दोन्ही घरांचं ठरतं.

कोकणची_आत्या

आता ठीक. अजून एक. करवली, तू वयाने लहान ना? मग 'बोलतो हा, शोधतो हा' हे एकेरी त्यांच्या आजीला खटकेल. त्या दिवशी तो नवरदेव असतो.

उनाड_पाऊस

अहो आत्या, 'हा' काढलात तर मजा जाईल. थट्टेत कसलं अहोजाहो?

गणमात्रे

मजा थोडी कमी होते हे खरं. पण इथे बदल फुकटात होतो, कारण 'तो हा'च्या जागी 'ती हे' तसंच बसतं: बोलती हे, शोधती हे, वागती हे, राहती हे. अडचण दोन ठिकाणी. 'म्हणे हा' आदरार्थी केलं तर 'म्हणती हे' होतं आणि लय तुटते. तिथे क्रियापद काढूनच टाका: तिचा फोन येता, 'पुढे मी, पुलाशी!' उलट हे जास्त चांगलं झालं, त्यांचा आवाज काढून म्हणता येईल. दुसरं 'निघे त्या क्षणी हा'. तिथे 'खरे हे निघाले' केलं की पहिल्या कडव्यातल्या खोट्या 'निघालो'ला जोड मिळते. पूर्ण पाठ असा:

निघालो निघालो असे बोलती हे
घराच्याच किल्ल्या घरी शोधती हे
तिचा फोन येता, 'पुढे मी, पुलाशी!'
पुलाचा न पत्ता, नि किल्ली उशाशी

परी हाक येता कुणाचीहि रात्री
खरे हे निघाले, अशी मात्र खात्री
घरी पाहिले जे, तसे वागती हे
कुणाच्या नडीला उभे राहती हे

अम्हीही कुठे वेळ पाळून आलो
तरी आज सारे इथे एक झालो
नका मानु याला वराचीच खिल्ली
तुम्ही आम्हि देऊ घड्याळास किल्ली

उनाड_पाऊस

'हे' म्हटल्यावर वाटतं नवरीच बोलते आहे. 'आमचे हे ना...' असं.

कोकणची_आत्या

तेही आहे म्हणा. माझं मत तरी 'हे'लाच.

माईक_टेस्टिंग

पाठ ठरला असेल तर म्हणण्याबद्दल. 12 ओळी आहेत, ओळीला चार-पाच सेकंद धरले तर मिनिटभर, हशा आणि थांबे धरून दोन मिनिटांच्या आत. याहून वाढवू नका. जेवणाआधीची वेळ आहे, वास सुटलेला असतो.

पहिली ओळ दोनदा म्हणा. पहिल्यांदा लोक बोलत असतात, कोण उभं राहिलंय हे बघण्यातच ती जाते. नवरदेवाचं नाव पद्याआधी साध्या वाक्यात घ्या, वृत्तात कोंबू नका. बहुतेक नावं लगागात बसत नाहीत आणि ओढूनताणून बसवलेलं नाव चुकीचं ऐकू येतं.

'पुलाशी' नंतर अर्धा श्वास थांबा, मग चौथी ओळ सावकाश. 'किल्ली' स्पष्ट आली पाहिजे, सगळा विनोद त्या शब्दावर आहे. आता सर्वात महत्त्वाचं: तिथे हशा येईल, आणि घाईत लोक हशातच पुढची ओळ सुरू करतात. तुमच्या पुढच्या ओळीत कौतुक आहे. ते हशाखाली बुडालं तर वरपक्षाच्या पदरात फक्त उशीर आणि किल्ली पडते. हसणं ओसरू द्या, तीन सेकंद गप्प उभं राहणं खूप वाटतं, तरी राहा. आणि हशा आलाच नाही तर उलट, थांबू नका, त्याच लयीत दुसऱ्या कडव्यात जा. दुसरं कडवं हशावर अवलंबून नाही, ते तुम्हाला सांभाळून घेईल.

वाचायचं कार्डावरून, मोठ्या अक्षरात, कडव्याला एक कार्ड. फोनवरून नको, नेमका तेव्हा स्क्रीन बंद होतो किंवा कोणाचा तरी मेसेज वर येतो. स्पीकरच्या पुढे उभं राहू नका, माईक शिट्टी मारतो.

रविवारचा_डबा

नवरदेवाला आधी दाखवायचं का?

माईक_टेस्टिंग

नाही, चेहरा पाहण्यात मजा आहे. पण त्याच्या बाजूच्या एका मोठ्या माणसाला पूर्ण पाठ वाचून दाखवावा.

गणमात्रे

मी दाखवा म्हणेन. फक्त पहिलं कडवं. सवय त्याने स्वतः कबूल केलेली असली तरी आईसमोर, आजीसमोर ती ऐकणं वेगळं.

कोकणची_आत्या

वराच्या बहिणीला संपूर्ण वाचून दाखव आणि तिचा चेहरा बघ. ज्या ओळीवर ती 'चालेल' म्हणेल ती बदल. जिच्यावर हसेल ती ठेव.

धाकटी_करवली

वाचून दाखवलं आत्ता फोनवर. 'उशाशी'वर खूप हसली. 'घरी पाहिले जे'वर म्हणाली, ही ओळ आईला आवडेल. 'परी' ऐकून मात्र तिच्या मुलीने विचारलं, कुठली परी? 😄

गणमात्रे

'तरी' करा. लगागात तेही बसतं. 'अम्हीही कुठे' नंतर पुन्हा 'तरी' येतं तेवढं एक खटकेल.

छंदीफंदी

तिथे 'तरी आज सारे'चं 'पहा आज सारे' करा ना.

गणमात्रे

बसतं. हे मला सुचायला हवं होतं.

धाकटी_करवली

दोन्ही बदलले. 'हे' की 'हा' याचं अजून ठरत नाहीये. ताई म्हणते 'हा', आजी म्हणते 'हे', आणि कार्ड मला उद्या लिहायची आहेत.

उनाड_पाऊस

'हा'!

कोकणची_आत्या

त्यांच्या घरी त्यांना धाकट्या काय म्हणतात ते बहिणीला विचार. 'दादा, तू' म्हणत असतील तर 'हा' कर, नाहीतर 'हे'. आणि 'हा' केलंस तर दुसऱ्या कडव्यात 'उभे'चं 'उभा' करायला विसरू नकोस.

गणमात्रे

आणि 'खरे हे निघाले'चं 'खरा हा निघाला'. तिसरी ओळ मात्र बदलू नका, 'पुढे मी, पुलाशी' दोन्हीत तशीच.